सीजीपीए आधी राउंड करायचा की क्रमवारी आधी लावायची: गुणवत्ता यादीतल्या बरोबरीच्या प्रकल्प नोंदी

९ जून: कामाची व्याप्ती

निकाल प्रणालीतला गुणवत्ता यादी काढणारा भाग नव्याने लिहायचा आहे. सध्या सीजीपीए दोन दशांशांपर्यंत राउंड होऊन तक्त्यात साठवला जातो आणि क्रमवारी त्या साठवलेल्या आकड्यावर लागते. त्यामुळे यादीत तिसरा क्रमांक दोघांना आणि चौथा कुणालाच नाही, असे प्रकार दिसतात. यातल्या किती बरोबऱ्या खऱ्या आहेत आणि किती राउंडिंगमुळे तयार होतात, हे आधी ठरवायचं. नियम त्यानंतर लिहायचा.

पहिल्या टप्प्यासाठी गृहीतकं साधी ठेवली आहेत. ग्रेड पॉइंट ० ते १० मधले पूर्णांक, विषयाचे क्रेडिट पूर्णांक, अभ्यासक्रम एकूण १६० क्रेडिटचा आणि सगळ्यांना सारखाच.

```
N    = Σ (credit × grade_point)
CGPA = N / 160
```

N हा पूर्णांक असतो, आणि पुढचं सगळं यावरच उभं आहे. भाजक सगळ्यांचा एकच असेल तर क्रमवारीसाठी भागाकार करायची गरजच नाही. ज्याचा N मोठा तो पुढे. ‘पूर्ण अचूकता’ म्हटल्यावर पंधरा दशांश डोळ्यांपुढे येतात, पण इथे पूर्ण अचूकता म्हणजे चार अंकी एक पूर्णांक.

११ जून: एक पायरी किती मोठी?

N एकाने वाढला की सीजीपीए १/१६० ने, म्हणजे ०.००६२५ ने वाढतो. एक क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर गेली की एवढाच फरक पडतो. दोन दशांशांत एकाच आकड्यावर राउंड होणाऱ्या सीजीपीएंचं घर मात्र ०.०१ रुंद आहे. पायरी घरापेक्षा लहान असल्यामुळे काही घरांत दोन पायऱ्या बसणारच. आठ पायऱ्या म्हणजे बरोबर ०.०५, म्हणून हा नमुना दर आठ पायऱ्यांनी जसाच्या तसा परत येतो. ९.३० पासून पुढचा एक फेरा असा:

| N | खरा सीजीपीए | राउंड केल्यावर |
|---|---|---|
| १४८८ | ९.३०००० | ९.३० |
| १४८९ | ९.३०६२५ | ९.३१ |
| १४९० | ९.३१२५० | ९.३१ |
| १४९१ | ९.३१८७५ | ९.३२ |
| १४९२ | ९.३२५०० | ९.३३ |
| १४९३ | ९.३३१२५ | ९.३३ |
| १४९४ | ९.३३७५० | ९.३४ |
| १४९५ | ९.३४३७५ | ९.३४ |

आठ वेगवेगळ्या बेरजा पाच घरांत गेल्या आणि तीन जोड्या तयार झाल्या. एका पूर्ण ग्रेड पॉइंटच्या अंतरात १६० बेरजा आणि १०० घरं, म्हणजे साठ जोड्या.

यातून एक उपयोगी मर्यादा मिळते. एकूण क्रेडिट १०० किंवा त्याहून कमी असतील आणि सगळ्यांचे सारखे असतील, तर पायरी ०.०१ किंवा त्याहून मोठी असते. मग दोन वेगळ्या बेरजा एका घरात कधीच येत नाहीत. ८० क्रेडिटच्या अभ्यासक्रमात दोन दशांशांच्या राउंडिंगने एकही नवी बरोबरी होत नाही. तिथे दिसणारी प्रत्येक बरोबरी खरी. एकाच संस्थेत लहान अभ्यासक्रमाची यादी स्वच्छ निघते आणि मोठ्या अभ्यासक्रमाच्या यादीवर तक्रारी येतात, त्यामागे हेच असू शकतं. कोड दोन्हीकडे सारखाच असतो, भाजक मात्र बदललेला असतो.

अर्ध्या क्रेडिटचे विषय असतील (प्रयोगशाळेला १.५ क्रेडिट वगैरे) तर पायरी १/३२० म्हणजे ०.००३१२५ होते आणि एका घरात तीन किंवा चार बेरजा बसतात. अशा ठिकाणी साठवताना क्रेडिट दुप्पट करून घ्यायचे, म्हणजे N पूर्णांकच राहतो.

१२ जून: सहा जणांची यादी

यादीच्या वरच्या टोकाला लागून असलेल्या बेरजांचा एक नमुना मुद्दाम बनवला.

| विद्यार्थी | N | खरा सीजीपीए | N वर क्रमांक | राउंड करून | क्रमांक | दशांश कापून | क्रमांक |
|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | १४९२ | ९.३२५०० | १ | ९.३३ | १ | ९.३२ | १ |
| ब | १४९१ | ९.३१८७५ | २ | ९.३२ | २ | ९.३१ | २ |
| क | १४९० | ९.३१२५० | ३ | ९.३१ | ३ | ९.३१ | २ |
| ड | १४८९ | ९.३०६२५ | ४ | ९.३१ | ३ | ९.३० | ४ |
| इ | १४८८ | ९.३०००० | ५ | ९.३० | ५ | ९.३० | ४ |
| फ | १४८६ | ९.२८७५० | ६ | ९.२९ | ६ | ९.२८ | ६ |

शेवटचे दोन रकाने मुद्दाम घेतले आहेत. काही ठिकाणी तिसरा दशांश सरळ कापतात. तसं केलं की क आणि ड यांची जोडी सुटते, आणि ब-क व ड-इ अशा दोन नव्या जोड्या जमतात. कोण कुणाशी ‘बरोबरीत’ आहे हे विद्यार्थ्यांच्या गुणांवर ठरत नाही. घरांच्या भिंती कुठे उभ्या केल्या, त्यावर ठरतं. क आणि ड यांच्यात जेवढा फरक आहे तेवढाच ब आणि क यांच्यात आहे. तरी एक फरक मोजला गेला आणि दुसरा पुसला गेला.

शेवटच्या आकड्याचं राउंडिंग स्वतःहून कुणाला उलटंपालटं करत नाही. मोठा आकडा राउंड होऊन लहान आकड्याच्या खाली जात नाही, फार तर त्याच्या बरोबरीला येतो. खरं नुकसान पुढच्या पायरीवर होतं. क आणि ड दोघेही ९.३१ वर आले की बरोबरी सोडवण्याचा नियम लागू होतो. तो नियम ‘शेवटच्या वर्षाची सरासरी जास्त तो पुढे’ असा असेल आणि ड चं शेवटचं वर्ष चांगलं गेलं असेल, तर ड तिसरा आणि क चौथा लागतो. एकूण गुण जास्त असलेला मागे पडला, आणि तोही बरोबरी नसताना बरोबरीचा नियम लावल्यामुळे.

नियमच नसेल तर परिस्थिती आणखी वाईट. `ORDER BY cgpa DESC LIMIT 3` लिहिलं की क आणि ड यांपैकी कोण आत येईल याची डेटाबेस हमी देत नाही. `ROW_NUMBER()` चंही तेच. आज क आला, इंडेक्स बदलल्यावर ड आला, असं होऊ शकतं.

१३ जून: बरोबऱ्या किती वाढतात?

फेऱ्यातल्या पाच घरांत अनुक्रमे १, २, १, २, २ बेरजा आहेत. दोन विद्यार्थी एकाच घरात पडण्याची शक्यता या संख्यांच्या वर्गांच्या बेरजेवर ठरते: १ + ४ + १ + ४ + ४ = १४. राउंडिंग नसतं तर ती बेरीज ८ असती. म्हणजे १६० क्रेडिटच्या अभ्यासक्रमात, बेरजा बऱ्यापैकी सलग पसरलेल्या असतील तर, बरोबरीच्या जोड्या सरासरी १.७५ पट होतात. दर सात बरोबऱ्यांपैकी चार खऱ्या आणि तीन राउंडिंगने बनलेल्या.

पहिल्या पाच-दहा क्रमांकांत विद्यार्थी विरळ असतात, तिथे हा हिशोब धरून चालू नये. मधल्या गर्दीत तो चांगला बसतो. प्रत्यक्ष डेटावर थेट मोजणं सोपं आहे:

```sql
SELECT ROUND(n::numeric / 160, 2) AS cgpa,
       COUNT(*)          AS students,
       COUNT(DISTINCT n) AS real_totals
FROM   result_total
GROUP  BY 1
HAVING COUNT(DISTINCT n) > 1;
```

यात जितक्या ओळी येतील तितक्या घरांत खोटी बरोबरी आहे. `n::numeric` विसरू नये. पोस्टग्रेसमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो, 1492 / 160 चं उत्तर 9 येतं आणि एका पूर्ण ग्रेड पॉइंटमधले सगळे जण एका घरात कोंबले जातात.

१६ जून: तिसऱ्या दशांशातला ५

दर आठवी बेरीज अशी येते की तिसरा दशांश बरोबर ५ आणि पुढे काही नाही: ९.३२५, ९.३७५ वगैरे. इथे साधनागणिक उत्तर बदलतं. स्प्रेडशीटचं `ROUND(9.325, 2)` 9.33 देतं. पायथनचं `round(1492/160, 2)` 9.32 देतं.

कारण असं की ९.३२५ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही. साठवला जाणारा सर्वांत जवळचा आकडा 9.32499999999999928946… आहे, म्हणजे अर्ध्याहून किंचित कमी, म्हणून पायथन खाली राउंड करतं. ८.१२५ सारखा आकडा बायनरीत नेमका बसतो, तिथे पायथन सम अंकाकडे जातं. शेजारशेजारच्या पाच अर्ध्यांवर दोन्ही साधनं ताडून पाहिली:

```
N      N/160    round()   ROUND
1284   8.025    8.03      8.03
1292   8.075    8.07      8.08
1300   8.125    8.12      8.13
1308   8.175    8.18      8.18
1316   8.225    8.22      8.23
```

पायथनच्या रकान्यात डोळ्यांना पटेल असा कोणताही नियम दिसत नाही, आणि गुणपत्रिकेवर छापण्यासाठी ते चालणार नाही. १२ जूनच्या यादीला हे लावलं तर अ चा सीजीपीए ९.३२ होतो, ब चाही ९.३२ आहे, आणि पहिला क्रमांक दोघांत वाटला जातो. एका कार्यालयात स्प्रेडशीटवर काढलेली यादी आणि सर्व्हरवर निघालेली यादी पहिल्याच क्रमांकावर जुळत नसेल तर आधी इथे पाहावं. छापायच्या आकड्यासाठी पायथनमध्ये `Decimal` आणि `ROUND_HALF_UP` वापरायचं, आणि `Decimal` ला पूर्णांक द्यायचे: `Decimal(1492) / Decimal(160)`. आधी फ्लोटमध्ये भागून मग `Decimal` केलं तर चूक आत शिरलेली असते.

स्प्रेडशीटमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची. सेलचं फॉरमॅट दोन दशांशांचं केलं की फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा पूर्ण राहतो आणि `RANK.EQ` आतल्या आकड्यावर चालतं. `ROUND` लिहिलं की आकडाच बदलतो. दोन शीट दिसायला सारख्या आणि क्रमांक वेगळे, असं झालं तर सेलमधलं सूत्र उघडून बघायचं.

१८ जून: सत्राचा एसजीपीए राउंड करून सीजीपीए काढल्यास

शेवटी राउंड केल्याने उलटापालट होत नाही, हे वर लिहिलं आहे. मधे राउंड केल्याने मात्र होते. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक सत्राचा एसजीपीए दोन दशांशांत साठवलेला असतो आणि सीजीपीए त्यांच्या क्रेडिटभारित सरासरीने काढतात.

सत्र २० क्रेडिटचं असेल तर एसजीपीए ०.०५ च्या पायऱ्यांनी जातो, दोन दशांशांत तंतोतंत बसतो आणि काहीच हरवत नाही. अडचण २१ किंवा १९ क्रेडिटच्या सत्रांत येते. चार सत्रं २१ ची आणि चार १९ ची, एकूण १६०, अशी रचना घेऊ.

म ला २१ च्या प्रत्येक सत्रात १८७ आणि १९ च्या प्रत्येक सत्रात १६९ गुण आहेत. १८७/२१ = ८.९०४७६, साठवला ८.९०. १६९/१९ = ८.८९४७४, साठवला ८.८९. आठही वेळा आकडा खाली गेला. खरी बेरीज १४२४. साठवलेल्या एसजीपीएवरून परत काढलेली बेरीज १४२३.२४.

य ला २१ च्या सत्रांत १९१, १९१, १७०, १७० आणि १९ च्या सत्रांत १७३, १७३, १७३, १८२. साठवलेले एसजीपीए ९.१०, ९.१०, ८.१०, ८.१०, ९.११, ९.११, ९.११, ९.५८. इथे आठही वेळा आकडा वर गेला. खरी बेरीज १४२३. परत काढलेली १४२३.६९.

| पद्धत | म | य | पुढे कोण |
|---|---|---|---|
| N वरून | ८.९००००  | ८.८९३७५ | म |
| N वरून, शेवटी राउंड | ८.९० | ८.८९ | म |
| राउंड एसजीपीएवरून | ८.८९५२५ | ८.८९८०६ | य |
| राउंड एसजीपीएवरून, शेवटी राउंड | ८.९० | ८.९० | बरोबरी |

तिसरी ओळ सगळ्यांत धोकादायक. पाच दशांश दिसतात, आकडा अचूक वाटतो, आणि क्रम उलटा आहे. म्हणून ‘दशांश वाढवले म्हणजे अचूकता आली’ हे इथे खोटं ठरतं. प्रत्येक एसजीपीएत ०.००५ पर्यंतची चूक शक्य आहे, म्हणून दोघांच्या तुलनेत जवळजवळ ०.०१ इतकी चूक येऊ शकते, आणि पायरी तर फक्त ०.००६२५ ची. जुन्या डेटात विषयवार ग्रेड उपलब्ध असतील तर N तिथूनच बांधायचा. फक्त एसजीपीए असेल तर एसजीपीए × क्रेडिट जवळच्या पूर्णांकावर आणायचं: २१ × ८.९० = १८६.९, म्हणजे १८७. एसजीपीएची चूक ०.००५ हून जास्त नसल्यामुळे आणि सत्राचे क्रेडिट १०० पेक्षा बरेच कमी असल्यामुळे खरा पूर्णांक बिनचूक परत मिळतो. ही दुरुस्ती सत्रवार करायची, एकूण बेरजेवर नाही. एकूण बेरजा राउंड केल्या तर य ची १४२३.६९ ही १४२४ होते, म ची १४२३.२४ ही १४२३ होते आणि क्रम उलटाच राहतो.

२३ जून: उलट बाजूची चूक

राउंडिंग टाळायचं म्हणून फ्लोटवर क्रमवारी लावली तर खऱ्या बरोबऱ्या तुटू शकतात. दोघांची बेरीज १४९० च आहे, पण सीजीपीए सत्रांच्या अपूर्णांकांची बेरीज करून काढला, तर एकाचा 9.3125 आणि दुसऱ्याचा 9.312500000000002 येऊ शकतो. मग `RANK()` दोघांना वेगळे क्रमांक देतं. छापील यादीत दोघांपुढे ९.३१, क्रमांक ३ आणि ४, आणि कारण विचारल्यावर सांगायला काही नाही.

सगळ्यांचे क्रेडिट सारखे नसतील तेव्हा (थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांचे १२४, बाकीच्यांचे १६०) N ची सरळ तुलना चालत नाही. तरीही पूर्णांकांतच राहता येतं. १६० आणि १२४ चा लसावि ४९६०. १६० वाल्यांचा N ३१ ने आणि १२४ वाल्यांचा ४० ने गुणायचा. १४८०/१६० आणि ११४७/१२४ दोन्ही ९.२५, गुणाकार दोन्हीकडे ४५८८०. बरोबरी खरी आहे आणि ती खरीच राहते.

२५ जून: ‘एवढ्याशा फरकाने काय होतं?’

राउंडिंगच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा. १६०० पैकी एका गुणाच्या फरकावर पदक द्यावं का, हा प्रश्न रास्त आहे. पण दोन दशांशांचं राउंडिंग त्याचं उत्तर देत नाही. ०.००६२५ चा फरक ते कधी पुसतं, कधी ०.०१ करून दाखवतं. लहान फरक खरोखर दुर्लक्षित करायचा असेल तर तसा नियम स्वतंत्रपणे लिहावा लागेल, आणि तिथेही अडचण आहे. ‘एका गुणाच्या आत असलेले समान’ म्हटलं तर अ-ब समान, ब-क समान, क-ड समान, ड-इ समान, पण अ आणि इ यांच्यात चार गुणांचा फरक. ही साखळी कुठे तोडायची ते पुन्हा मनाने ठरवावं लागतं. आमचं मत असं की क्रमवारी N वर लावावी आणि क्रमांकांना अवाजवी वजन येत असेल तर बक्षिसांची रचना बदलावी, मोजणी नाही.

एक अट मात्र आहे. नियमावलीत सीजीपीएची व्याख्याच ‘दोन दशांशांपर्यंत राउंड केलेला’ अशी असेल आणि गुणवत्ता यादी सीजीपीएवर लावायची असं लिहिलं असेल, तर राउंड केलेला आकडा हाच नियम आहे. कोडमध्ये तो गुपचूप बदलता येत नाही. आधी कलमाची दुरुस्ती. मजकूर वाचताना ‘दोन दशांशांत दर्शवावा’ आणि ‘दोन दशांशांपर्यंत काढावा’ यांतला फरक नीट पाहावा. पहिल्यात क्रमवारी N वर लावायला मुभा राहते.

३० जून: ठरलेला नियम आणि कोड

तक्त्यात N आणि एकूण क्रेडिट D साठवायचे, सीजीपीए साठवायचा नाही. तो छापताना काढायचा.

```sql
SELECT roll_no, n, d,
       ROUND(n::numeric / d, 2) AS cgpa_print,
       RANK() OVER (ORDER BY n * (4960 / d) DESC) AS rnk
FROM   result_total
ORDER  BY rnk, roll_no;
```

4960 / d इथे पूर्णांक भागाकारच हवा आहे, कारण दोन्ही भाजकांनी तो निःशेष भागतो. नवा भाजक आला की लसावि बदलावा लागेल, म्हणून `4960 % d = 0` ही तपासणी क्वेरीच्या आधी चालते आणि नापास झाली तर यादी निघतच नाही. शेवटचा `roll_no` फक्त छपाईचा क्रम स्थिर ठेवण्यासाठी आहे, क्रमांकावर त्याचा परिणाम नाही.

खरी बरोबरी राहिली तर `RANK()` नुसार दोघांना तोच क्रमांक आणि पुढचा क्रमांक रिकामा. `DENSE_RANK()` घेतलं नाही, कारण त्यात ‘पाचवा क्रमांक’ म्हणजे पुढे चारच जण आहेत अशी खात्री राहत नाही. बरोबरी सोडवायचा नियम हवाच असेल तर तो फक्त n * (4960 / d) समान असलेल्यांना लागेल.

यादीच्या छापील नमुन्यात सीजीपीएच्या शेजारी ‘एकूण गुण / एकूण क्रेडिट’ हा रकाना टाकला आहे. क समोर ९.३१ आणि १४९०/१६०, ड समोर ९.३१ आणि १४८९/१६०. सीजीपीए सारखा आणि क्रमांक वेगळा का, याचं उत्तर कागदावरच आहे आणि कुणालाही गुणपत्रिकेवरून ते ताडून पाहता येतं.

चाचणी संचात चार गोष्टी कायमच्या ठेवल्या आहेत: १२ जूनची सहा जणांची यादी (क्रमांक १ ते ६ यायला हवेत), म-य ची जोडी (म पुढे), १४८०/१६० व ११४७/१२४ (एकच क्रमांक), आणि १६ जूनचे पाच अर्धे आकडे, ज्यांचा छापील सीजीपीए ८.०३, ८.०८, ८.१३, ८.१८, ८.२३ असाच यायला हवा.